फोन रिसेट केला आणि बड्स लिस्टमधून गायब? डबीच्या बटणाने पेअरिंग मोड कसा आणायचा

मागच्या रविवारी सकाळी नाशिकहून मावशीचा फोन आला, "अरे, फोन रिसेट केला, फोटो आले, व्हॉट्सॲप आलं, पण माझी कानातली काही सापडत नाहीत." मला वाटलं कपाट उपसून झालंय, सोन्याची कुडी हरवली, आता काकांना कोण सांगणार. मग कळलं की कानातली म्हणजे इयरबड्स, आणि ते तिच्या हातातच आहेत, फक्त फोनच्या ब्लूटूथ लिस्टमध्ये दिसत नाहीत. शेजाऱ्यांचा टीव्ही दिसतोय, कुणाचं तरी घड्याळ दिसतंय, पण हातभर अंतरावरचे बड्स नाहीत.

पाऊण तास फोनवर बोलत बोलत आम्ही ते परत जोडले. त्यातली निम्मी वेळ माझ्याच चुकीमुळे गेली, ती कुठली ते पुढे येईलच. तुमचं पण असंच झालं असेल तर खाली लिहिलंय तसं क्रमाने करा.

आधी हे का होतं ते समजून घ्या, दोन मिनिटं लागतील

फोन आणि बड्स पहिल्यांदा जोडले जातात तेव्हा दोघं मिळून एक गुप्त चावी बनवतात आणि ती दोघंही आपापल्याकडे जपून ठेवतात. नंतर रोज डबी उघडली की बड्स शेवटच्या ओळखीच्या फोनला हाक मारतात, दोघं चावी जुळवून बघतात आणि टुंग वाजून गाणं सुरू होतं.

फोन फॅक्टरी रिसेट केला की फोनकडची चावी पुसली जाते, बड्सकडची तशीच राहते. बड्सना रिसेट झाल्याचा पत्ताच नसतो, आणि रिसेटने फोनचा ब्लूटूथ पत्ता बदलत नाही त्यामुळे त्यांना फोन ओळखीचाच वाटतो. ते नेहमीसारखी हाक मारतात आणि फोन म्हणतो तुझी माझी ओळख नाही. कधी कधी स्क्रीनवर `Couldn't pair because of an incorrect PIN or passkey` अशा अर्थाचा मेसेज पण येतो, तो वाचून लोक पासवर्ड शोधत बसतात. तसा काही पासवर्ड नसतो, जुनी चावी आता चालत नाही एवढंच तो सांगतोय.

मग लिस्टमध्ये का दिसत नाहीत? कारण ब्लूटूथमध्ये ओळखीच्या माणसाला हाक मारणं वेगळं आणि "मी इथे आहे, कुणीही या" अशी दवंडी पिटणं वेगळं. नव्या उपकरणांच्या लिस्टमध्ये फक्त दवंडी पिटणारी उपकरणं येतात. त्या दवंडीलाच पेअरिंग मोड म्हणतात आणि बड्सच्या मेमरीत एखादा जुना फोन असला की बरेचसे बड्स आपणहून त्या मोडमध्ये जात नाहीत. नवीन घेतले तेव्हा डबी उघडल्याबरोबर दिसले होते कारण तेव्हा त्यांची मेमरी कोरी होती. म्हणूनच "तेव्हा तर नुसतं झाकण उघडलं की दिसायचे" हे सगळ्यांचं म्हणणं खरं असतं, पण आता उपयोगाचं नाही, आता बटण दाबून दवंडी पिटायला लावावी लागते.

पायरी 1: दुसरं कुणी बड्स पळवत नाहीये ना ते बघा

ही पायरी मी मावशीला सांगायची विसरलो आणि वीस मिनिटं गेली. बड्सच्या मेमरीत बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त उपकरणं असतात. फोनने ओळख दिली नाही की ते यादीतल्या पुढच्याला हाक मारतात, आणि तिथे एखादा लॅपटॉप किंवा टॅब जागा असला तर गुपचूप त्याला जाऊन चिकटतात. एकदा चिकटले की फोनला दिसणं अजूनच अवघड.

मावशीकडे आतल्या खोलीत मावसभावाचा लॅपटॉप चालू होता, तो कधीतरी ते बड्स लावून मॅच बघायचा. आम्ही बाहेर बटणं दाबतोय आणि बड्स आत लॅपटॉपला जोडून शांत बसलेत. शेवटी तोच बाहेर येऊन म्हणाला, "आई, माझा आवाज का गेला?"

तर घरात ज्या ज्या गोष्टीला हे बड्स कधी जोडले होते त्या सगळ्यांचं ब्लूटूथ तेवढ्यापुरतं बंद करा. लॅपटॉप, टॅब, टीव्ही, जुना फोन सगळं. तिथून डिलीट करायची गरज नाही, नुसतं बंद करा.

पायरी 2: चार्ज आणि डबीतले पिन

हे कंटाळवाणं आहे पण सोडू नका. डबीवरचं बटण दाबलं की ते बड्सना कळतं कसं? बऱ्याच मॉडेलमध्ये डबीच्या आत जे छोटे सोनेरी पिन असतात, ज्यातून बड्स चार्ज होतात, त्यातूनच बटणाचा निरोप बड्सपर्यंत जातो. म्हणजे बड नीट बसला नसेल, पिनवर कानातला मळ किंवा खिशातला धागा असेल, किंवा डबीची बॅटरीच संपली असेल तर तुम्ही बटण दाबून अंगठा दुखवून घेतला तरी निरोप पोचणार नाही.

डबी पंधरावीस मिनिटं चार्जिंगला लावा. बड्स बाहेर काढून पिनवर आणि बडच्या खालच्या गोल ठिपक्यांवर कोरड्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा. चिकट मळ असेल तर काडीला अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं, आणि नंतर पूर्ण वाळू द्या. पाणी नको, सुई किंवा टाचणी तर अजिबात नको, ते पिन स्प्रिंगवर असतात आणि वाकले की संपलं. बड्स नवेकोरे असतील तर ठिपक्यांवर पारदर्शक स्टिकर राहिलाय का ते पण बघा.

तपासायचं कसं? बड आत ठेवला की त्याचा किंवा डबीचा लाइट काहीतरी हालचाल करतो. डावा ठेवल्यावर लाइट लागतो आणि उजवा ठेवल्यावर काहीच होत नाही असं असेल तर उजव्याचा संपर्क होत नाहीये, आधी ते सोडवा.

पायरी 3: फोन तयार ठेवा, पण अजून काही दाबू नका

अँड्रॉइडवर `Settings` मध्ये `Connected devices` आणि तिथे `Pair new device`. सॅमसंगमध्ये `Settings`, `Connections`, `Bluetooth`. आयफोनवर `Settings` आणि `Bluetooth`. ती स्क्रीन उघडीच ठेवायची, मागे जायचं नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. अँड्रॉइड फोन शोध घेतो तो सतत नाही, एका वेळी साधारण 12 सेकंद घेतो. तुम्ही आधी स्क्रीन उघडली, मग चष्मा शोधला, मग डबी उघडली, मग बटण दाबलं, तोपर्यंत शोध संपून गेलेला असू शकतो आणि लिस्ट तशीच शिळी दिसत राहते. म्हणून बड्स ब्लिंक व्हायला लागले की फोनवर `Scan` किंवा रिफ्रेश परत दाबा, ते सापडत नसेल तर मागे जाऊन परत `Pair new device` उघडा.

आणि लिस्टमध्ये जुनं नाव आधीच दिसतंय का ते बघा. फोन रिसेट केलाय म्हणजे नसायला हवं. पण तुमची गोष्ट उलटी असेल, म्हणजे फोन नाही तर बड्स रिसेट केले असतील, तर फोनच्या सेव्ह केलेल्या यादीत जुनं नाव अजून बसलेलं असतं, त्यावर कितीही टॅप करा, जोडणार नाही, कारण आता चावी फोनकडे आहे आणि बड्सकडे नाही. त्या नावाशेजारच्या चाकावर जाऊन `Forget` करा, आयफोनवर `Forget This Device`, आणि मगच पुढे जा.

पायरी 4: बटण

आता मुख्य काम. क्रम असा की दोन्ही बड्स डबीत, झाकण उघडं, आणि मग बटण. झाकण बंद ठेवून दाबलं तर पुष्कळ डब्या नुसती बॅटरी दाखवतात किंवा काहीच करत नाहीत. आणि बड्स कानात घालून डबीचं बटण दाबणारे पण मी बघितलेत, त्याने काय होणार, निरोप पिनमधून जातो म्हटलं ना.

बटण कुठे असतं? कधी मागच्या बाजूला गुळगुळीत गोल, डबीच्याच रंगाचं, हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही असं. कधी आत दोन बड्सच्या मधे. कधी चार्जिंगच्या भोकाशेजारी. मावशी म्हणे "बटणच नाहीये", मी म्हटलं, "अगं, पाठीवरून बोट फिरव," आणि सापडलं.

दाबायचं किती वेळ यावर सगळा खेळ आहे, कारण एकाच बटणाची दोन कामं असतात. थोडा वेळ धरलं की पेअरिंग मोड, खूप वेळ धरलं की बड्सचं फॅक्टरी रिसेट. उदाहरणं देतो म्हणजे अंदाज येईल.

पिक्सेल बड्स ए-सिरीजमध्ये मागचं बटण 3 सेकंद धरायचं, लाइट पांढरा धडधडायला लागला की पेअरिंग मोड. तेच 30 सेकंद धरलं की रिसेट.

एअरपॉड्स प्रो 2 सारख्या, मागे बटण असलेल्या एअरपॉड्समध्ये अँड्रॉइडला जोडायचे असतील तर झाकण उघडं ठेवून बटण साधारण 5 सेकंद, पांढरा लाइट ब्लिंक होईपर्यंत. रिसेटसाठी झाकण 30 सेकंद बंद, मग उघडायचं, आणि बटण साधारण 15 सेकंद धरायचं, लाइट आधी नारिंगी ब्लिंक होतो आणि मग पांढरा.

एअरपॉड्स 4 आणि एअरपॉड्स प्रो 3 च्या डबीला दाबायचं बटणच नाही, तिथे डबीच्या पुढच्या बाजूवर बोटाने टकटक करायची. रिसेट करायला झाकण उघडं, लाइट लागलेला असताना दोनदा टकटक, पांढरा ब्लिंक झाला की परत दोनदा, ब्लिंक जोरात व्हायला लागला की तिसऱ्यांदा दोनदा, आणि मग नारिंगी आणि पांढरा. भाच्याने हे करून दाखवलं तेव्हा मला वाटलं हा दारावर कुणाला बोलावतोय.

बाकी कंपन्यांच्या डब्यांमध्ये सेकंद वेगवेगळे असतात, काहींमध्ये बटण धरायचं नसून दोनदा किंवा तीनदा दाबायचं असतं. खोक्यातल्या घडीच्या कागदावर एक चित्र असतं, डबी, बोट आणि शेजारी सेकंदाचा आकडा, ते बघा. कागद फेकून दिला असेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाका. मॉडेल नंबर बहुतेक डबीच्या तळाला किंवा झाकणाच्या आत बारीक अक्षरात असतो, फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा. डबीला बटणच नसेल, स्वस्त बड्समध्ये हे असतं, तर मग बडवरच्या टच भागाला धरून ठेवायचं असतं, पण ती वेगळी कहाणी.

एक नियम मात्र मी पाळतो. आकडे मोजत बसायचं नाही, लाइटकडे बघायचं. लाइटची चाल बदलली, म्हणजे स्थिर होता तो ब्लिंक व्हायला लागला किंवा रंग बदलला, की लगेच बोट काढायचं. "अजून थोडं धरून बघू" म्हणून धरून ठेवलं की पेअरिंग ओलांडून तुम्ही रिसेटमध्ये जाता. आमचं असं झालं नाही, पण ते मावशीच्या नशिबाने, मी तिला "दाबून ठेव" एवढंच म्हटलं होतं, "कधी सोड" ते सांगितलंच नव्हतं.

पायरी 5: ब्लिंक चालू असताना घाई करा

पेअरिंग मोड कायम राहत नाही, काही मिनिटांत बड्स दवंडी थांबवतात आणि ब्लिंक बंद होतो. तेव्हा ब्लिंक सुरू झाला की डबी उघडीच फोनशेजारी ठेवा आणि फोनवर स्कॅन परत मारा.

नाव आलं की टॅप करायच्या आधी नीट वाचा. काही बड्स एकाच वेळी दोन नावांनी दिसतात, एक साधं नाव आणि एकाच्या सुरुवातीला `LE` लावलेलं. साधं घ्या. `LE` वालं बहुतेक कंपनीच्या ॲपशी बोलण्यासाठी असतं, त्याला जोडलं तर फोन म्हणतो कनेक्टेड आणि आवाज फोनच्याच स्पीकरमधून येतो, आणि माणूस परत सगळं पहिल्यापासून करायला लागतो. नावाऐवजी नुसते आकडे आणि कोलन दिसले तर दहा सेकंद थांबा, नाव थोडं उशिरा येतं.

`Pair` विचारलं की हो म्हणा. कॉन्टॅक्टची परवानगी विचारेल ती तुमच्या मर्जीवर, नाही दिली तरी गाणी वाजतात.

पेअरिंग मोड आला पण जोडत नाही, किंवा एकच कान वाजतो

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद केलं, डबी चार्ज केली, बटण दाबलं, ब्लिंक झाला, नाव आलं, जोडलं. मावशी खूष. दोन मिनिटांनी परत फोन, "डाव्या कानात काहीच नाही."

दोन बड्समध्ये बऱ्याचदा असं असतं की ते एकमेकांशी पण जोडलेले असतात आणि फोनला एक जोडी म्हणून दिसतात. बटणाचा निरोप उजव्यालाच पोचला, डाव्याच्या ठिपक्यावर मळ होता, त्यामुळे डावा अजून जुन्याच जगात होता. हे ओळखायची खूण सोपी आहे, डबीत ठेवल्यावर एकाच बडचा लाइट प्रतिसाद देतो, किंवा फोनवर एकाच बाजूची बॅटरी दिसते.

तेव्हा दीर्घ दाबण्याची, म्हणजे बड्सच्या फॅक्टरी रिसेटची, वेळ आली. हे करायच्या आधी दोन गोष्टी. एक, डावा नीट पुसून दोन्ही आत ठेवा आणि दोन्ही चार्ज होतायत याची खात्री करा, कारण एकटाच बड रिसेट झाला तर जोडी अजूनच फुटते. दोन, फोनवरून आत्ता जोडलेलं नाव `Forget` करा, नाहीतर चावीचा तोच घोळ उलट बाजूने होतो.

मग कागदात सांगितलेले जास्तीचे सेकंद बटण धरायचं, पेअरिंगचा ब्लिंक आला तरी सोडायचं नाही, लाइटची चाल परत बदलेपर्यंत. मावशीच्या डबीला लाल ब्लिंक होऊन विझला. झाकण बंद, दहा सेकंद थांबलो, उघडलं, आणि यावेळी बटण न दाबताच पेअरिंगचा ब्लिंक सुरू झाला, कारण मेमरी कोरी झाली होती, अगदी नवीन घेतल्यासारखी. फोनवर स्कॅन, टॅप, दोन्ही कान.

रिसेटची किंमत एवढीच की बड्स सगळ्यांना विसरतात. मावसभावाच्या लॅपटॉपवर जुनं नाव होतं ते काढून परत जोडावं लागलं, आणि त्याने ॲपमध्ये आवाज सेट केले होते ते काही मॉडेलमध्ये जातात. म्हणून मी म्हणतो की नुसत्या पेअरिंग मोडने काम होत असेल तर रिसेटच्या वाटेला जाऊ नका.

तरीही दिसत नसेल तर दोष कुणाचा

दुसऱ्या कुणाचा फोन घ्या, बड्स ब्लिंक होत असताना त्यावर शोधा. त्या फोनवर दिसले म्हणजे बड्स ठीक आहेत, गडबड तुमच्या फोनमध्ये. फोन बंद करून चालू करा, ब्लूटूथ बंद-चालू करा, आणि तरी नाही तर `Settings` मधल्या रिसेटच्या पर्यायांत ब्लूटूथ आणि वायफायचं रिसेट वेगळं असतं ते करा, त्याने फोटो वगैरे जात नाहीत, फक्त वायफायचे पासवर्ड आणि जोडलेली उपकरणं जातात. ते कागदावर लिहून ठेवा नाहीतर राउटरच्या मागे मान वाकडी करून वाचत बसाल.

दोन्ही फोनवर दिसत नसतील आणि बटण दाबून लाइटची चाल अजिबातच बदलत नसेल तर डबी किंवा पिन गेलेत. दोन्ही बड्स डबीत तासभर चार्ज करून एकदा शेवटचं बघा आणि मग सर्व्हिस सेंटर, वॉरंटी असेल तर बिल घेऊन. लाइट बरोबर ब्लिंक होतो पण कुठल्याच फोनला दिसत नाहीत असं असेल तर तो बहुतेक पेअरिंगचा ब्लिंक नसून कमी बॅटरीचा असतो, हे मी स्वतः एकदा लाल ब्लिंककडे अर्धा तास बघत बसून शिकलोय.

मावशीने परवा परत फोन केला होता. या वेळी खरंच कुडी हरवली होती, ती डबीतच सापडली, बड्सच्या शेजारी.